नोकरीच्या 14 करारांतील स्पर्धाबंदी, गोपनीयता आणि बौद्धिक संपदा कलमांची नोंद

प्रति: अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख
कडून: करार पडताळणी, विधी विभाग
गठ्ठा: उत्पादन विकास आणि विक्री विभागांचे करार, क्र. 01 ते 14

नोंद वाचण्यापूर्वी: मथळ्यावर विसंबून न राहता प्रत्येक करार पहिल्या पानापासून परिशिष्टापर्यंत वाचला. क्र. 07 मधली गोपनीयतेची एक अट ‘शिस्त’ या मथळ्याखाली सापडली, नुसते मथळे चाळले असते तर ती सुटली असती. ‘कलम नाही’ आणि ‘पान मिळाले नाही’ या शेऱ्यांचे अर्थ वेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नये. सर्व करारांना भारतीय कायदा लागू आहे.

क्र. 01 ते 06 (जुना मसुदा, सह्या 2017 ते 2019)

कलम 11, स्पर्धाबंदी: नोकरी सोडल्यापासून दोन वर्षे ‘समान व्यवसायात’ काम करायचे नाही. समान व्यवसाय म्हणजे काय, हे कुठेही सांगितलेले नाही आणि भौगोलिक मर्यादाही नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. नोकरी चालू असतानाची बंदी वेगळी. ती टिकू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1967 च्या गोलिकरी प्रकरणात मान्य केले आहे. या सहा करारांतली बंदी मात्र नोकरी संपल्यानंतर सुरू होते. शेरा: अंमलबजावणीस अयोग्य. ही अट मसुद्यात राहिली तर काय बिघडते, असे वाचताना वाटू शकते. ज्याने सही केली त्याला कलम 27 ठाऊक नसते, आणि तो चांगली नोकरी नाकारून बसतो. कंपनीने अशा भीतीचा आधार घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्र. 04 मध्ये ‘दोन वर्षे’ खोडून पेनाने ‘सहा महिने’ लिहिले आहे. बदलाशेजारी फक्त कर्मचाऱ्याची आद्याक्षरे आहेत, कंपनीची नाहीत. क्र. 06 च्या स्कॅनमध्ये पान 7 नाही, आणि या मसुद्यात कलम 11 त्याच पानावर असते. शेरा: पान मिळाले नाही, मूळ प्रत मागवली आहे.

कलम 12, गोपनीयता: ‘कामाच्या ओघात कळलेली सर्व माहिती’ गोपनीय. आधीच जाहीर असलेली, कर्मचाऱ्याला पूर्वीपासून ठाऊक असलेली किंवा कायद्याने उघड करावी लागणारी माहिती वगळलेली नाही. मुदत सोडल्यापासून तीन वर्षे. एका बाजूने ही व्याख्या फार ऐसपैस आहे, तर दुसऱ्या बाजूने मुदत अपुरी आहे: मिश्रणाचे प्रमाण, यंत्राच्या जुळणीचे आकडे यांसारखी व्यापारी गुपिते तीन वर्षांनी मोकळी होतात. त्यांच्यासाठी ‘माहिती गुप्त आहे तोवर’ अशी वेगळी मुदत हवी होती.

कलम 13, बौद्धिक संपदा: कर्मचारी आपले हक्क कंपनीला ‘हस्तांतरित करण्यास सहमत आहे’. हे पुढे हस्तांतर करण्याचे वचन झाले, हस्तांतर नव्हे. सॉफ्टवेअर आणि लेखनाबाबत फारसे अडत नाही, कारण स्वामित्वहक्क कायदा, 1957 च्या कलम 17(क) नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणाराच असतो. पेटंटचे तसे नाही. पेटंट कायदा, 1970 मध्ये कर्मचाऱ्याच्या शोधाची मालकी आपोआप नोकरी देणाऱ्याकडे नेणारी तरतूद नाही, आणि कलम 68 नुसार हस्तांतर लेखी लागते. या सहांपैकी 01, 03 आणि 05 या करारांवरील व्यक्ती यंत्ररचनेत काम करतात. त्यांच्याकडून स्वतंत्र हस्तांतरपत्रे घेतली आहेत का, ते फाइलमध्ये दिसत नाही. लेखापरीक्षणासाठी या गठ्ठ्यातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

क्र. 05 च्या परिशिष्टात अभियंत्याने रुजू होण्याआधी स्वतः लिहिलेल्या मोजमाप-प्रोग्रॅमची नोंद आहे, ‘माझाच राहील’ या शब्दांत. तो प्रोग्रॅम आजच्या उत्पादनात वापरला जातो का, हे तंत्र विभागाला लेखी विचारावे. उत्तर ‘होय’ आले तर कंपनीकडे त्याचा परवाना असायला हवा, आणि फाइलमध्ये तो नाही.

क्र. 07, 08, 10, 11 (नवा मसुदा, सह्या 2021 पासून)

गोपनीयतेत अपवाद आणि साहित्य परत करण्याची अट आहे (कलम 10). हस्तांतर वर्तमानकाळात, ‘याद्वारे हस्तांतरित करीत आहे’ (कलम 11). दोन्हींना हरकत नाही. कलम 9 चा मथळा ‘स्पर्धाबंदी’ असला तरी मजकूर वेगळा आहे: आपण हाताळलेल्या ग्राहकांना 12 महिने स्वतःहून गाठायचे नाही. यादीत ते ‘ग्राहक-संपर्कबंदी’ म्हणून नोंदवले आहे.

क्र. 08 मध्ये मात्र 9.4 हे जादा उपकलम आहे: प्रतिस्पर्ध्याकडे रुजू झाल्यास अखेरचा पगार रोखता येईल. केलेल्या कामाचा पगार असा धरून ठेवता येत नाही. हे उपकलम कोणी आणि कशावरून घातले, त्याची नोंद नाही. प्रत्यक्षात कोणाचा पगार रोखला गेला असेल तर तो आधी द्यावा, चौकशी नंतर करता येईल.

क्र. 11 वर रुजू झाल्यानंतर सात महिन्यांनी सही झाली. त्या सात महिन्यांतल्या शोधांना हस्तांतर लागू होते, असे करारात लिहिलेले नाही.

क्र. 09 (विकत घेतलेल्या व्यवसायाच्या संस्थापकाचा नोकरीचा करार)

तीन वर्षांची स्पर्धाबंदी, कलम 14. ही 01 ते 06 च्या पंगतीत बसवू नये. कलम 27 ला एक अपवाद आहे: व्यवसायाचा नावलौकिक विकणारा, ठरावीक स्थानिक हद्दीत तसा व्यवसाय न करण्याचे मान्य करू शकतो, मर्यादा वाजवी असतील तर. पण येथे बंदी नोकरीच्या करारात आहे आणि विक्रीचा करार वेगळा आहे. नोकरीचा करार त्याचा उल्लेखच करत नाही, हद्दही सांगत नाही. विक्रीचा करार वाचल्याशिवाय शेरा देत नाही. तो संचालक मंडळाच्या सचिवांकडून मागवला आहे.

क्र. 12 ते 14 (सल्लागार)

गठ्ठ्यात आले असले तरी हे नोकरीचे करार नाहीत. कामाचे तास आणि पद्धत सल्लागार स्वतः ठरवतात, बिले देतात. म्हणून 17(क) चा आधार येथे मिळत नाही आणि सारी भिस्त हस्तांतराच्या कलमावर आहे. क्र. 12 आणि 13 मध्ये हस्तांतर आहे, पण मुदत आणि प्रदेश लिहिलेला नाही. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 19 नुसार अशा वेळी मुदत पाच वर्षे आणि प्रदेश भारत मानला जातो. क्र. 12 ची सही मार्च 2020 ची आहे, म्हणजे ती पाच वर्षे मार्च 2025 मध्ये संपली. त्यांनी लिहिलेली प्रशिक्षण पुस्तिका अजून छापली जाते. नवे हस्तांतरपत्र होईपर्यंत छपाई थांबवावी, असे सुचवतो.

क्र. 14 मध्ये बौद्धिक संपदेचे कलमच नाही. गोपनीयता एका ओळीत, मुदतीविना. स्पर्धाबंदी नाही. या सल्लागाराने काय तयार करून दिले, ते विक्री विभागाला विचारले आहे. उत्तर आल्यावर ही नोंद पूर्ण करीन.