विषय : जिन्यातल्या चपला, सायकली आणि कुंड्या

नारायण पेठ, पुणे
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय नीरज आणि अमृता,

सप्रेम नमस्कार.

दोन मजले खाली राहणारा माणूस चिठ्ठी का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. हा विषय मी आधी दोनदा काढला होता. एकदा जिन्यात, पण तेव्हा नीरजच्या कानाला फोन होता. दुसऱ्यांदा वरच्या नळाला पाणी आलं होतं आणि मीच घाईत होतो. "हो काका, करतो" असं तुम्ही म्हणालात आणि मी "सावकाश करा" म्हणालो. सावकाश म्हणालो ती चूक माझी. इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं असतं तर आठही बिऱ्हाडांना तुमच्या चपलांची चर्चा करायला विषय मिळाला असता. म्हणून ही चिठ्ठी, आणि ती फक्त तुम्हालाच.

मंगळवारी सकाळी पहिल्या मजल्यावरच्या आजी जिन्यात घसरल्या, हे तुमच्या कानावर आलंच असेल. मनगट मुरगळलं, हाड मोडलं नाही, एवढ्यावर निभावलं. त्या देवळातून परत येत होत्या. तुमच्या कुंड्यांचं पाणी पायऱ्यांवरून ओघळत खालपर्यंत आलं होतं. आपल्या जिन्याची फरशी शहाबादी, पस्तीस वर्षांत पायांनी गुळगुळीत झालेली, त्यात पावसाळी ओल. पाय सटकल्यावर त्यांनी कठडा धरायला हात टाकला, तर त्या जागी सायकलचं हँडल होतं. सायकल कठड्याला साखळीने बांधलेली असल्यामुळे ती अंगावर आली नाही, हे नशीब. आजी कोणाला काही बोलल्या नाहीत. त्यांच्या सुनेने मला सांगितलं, तेही मी हात बांधलेला पाहून विचारलं म्हणून.

त्या दिवशी मी टेप घेऊन जिना मोजला. भिंतीपासून कठड्यापर्यंत साडेतीन फूट. तुमच्या दाराबाहेरचं चपलांचं स्टँड तेरा इंच खोल आहे. म्हणजे उरले एकोणतीस इंच, आणि स्टँडवर न मावलेले बूट पुढ्यात असतातच, म्हणजे तेवढेही नाहीत. मधल्या वळणावर नीरजची गिअरची सायकल आणि ईशानची छोटी, दोन्ही मिळून अर्धं वळण खातात. कुंड्या मी मोजल्या, चौदा आहेत. (मोजायला म्हणून गेलो नव्हतो. आता त्या वळणावर मला दम घ्यायला थांबावं लागतं, तेव्हा दुसरं काय करणार?)

आता हे मी एवढं मनाला का लावून घेतोय ते सांगतो, कारण या बाबतीत मोठा गुन्हेगार मीच आहे.

२०१९ सालच्या डिसेंबरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या दादाच्या छातीत पहाटे दुखायला लागलं. १०८ला फोन केला, गाडी आली, दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर निघाली. तेव्हा जिन्याच्या वळणावर माझा जुना लोखंडी पलंग उभा करून ठेवलेला होता, शिवाय पुस्तकांची चार खोकी आणि बंद पडलेला कूलर. "गच्चीवर न्यायचंय" असं मी दोन वर्षं म्हणत होतो. स्ट्रेचर माणसाच्या उंचीएवढं लांब असतं. साध्या जिन्यातसुद्धा वळणावर ते तिरकं, उभं करत वळवावं लागतं. माझ्या अडगळीतून ते वळेचना. शेवटी दादाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. खुर्ची पलंगाला दोनदा आपटली. दादा वाचला, आज रोज सकाळी माझ्याशी राजकारणावर वाद घालतो. पण त्या खुर्चीत त्याचा एका बाजूला कललेला चेहरा मला अजून दिसतो. दुसऱ्याच दिवशी पलंग भंगारवाल्याला दिला. तेव्हापासून जिन्यात माझी एक छत्रीसुद्धा नसते.

दुसरी गोष्ट माझ्या नोकरीतली. मी ३१ वर्षं आधी वीजमंडळात आणि मग महावितरणमध्ये काढली. आपल्या नऊ मीटरचा बोर्ड जिन्याच्या तळाशी आहे, आणि तुमच्या ऑनलाइन सामानाचे पुठ्ठे काही दिवसांपासून त्याच्याच शेजारी रचलेले दिसतात. जुन्या इमारतीत पावसाळ्यात मीटरपाशी काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एखादा जोड सैल झालेला असतो, त्यात ओल जाते, तो तापत राहतो आणि एखाद्या रात्री ठिणगी पडते. आजूबाजूला नुसती भिंत असली तर बहुतेक वेळा वायर जळते आणि तेवढ्यावर थांबतं. शेजारी पुठ्ठा असला की थांबत नाही. मग जिना धुराड्यासारखा वागतो. खालचा सगळा धूर सरळ वर चढतो आणि वरच्या मजल्यावरचा माणूस दार उघडतो तो थेट धुरात. बुटांचे तळवे, सायकलचे टायर, प्लॅस्टिकच्या कुंड्या, हे सगळं काळाकुट्ट धूर करणारं. आपल्याकडे लिफ्ट नाही, दुसरा जिना नाही. चारही मजल्यांना बाहेर पडायला हा एकच रस्ता आहे.

तुम्हाला घाबरवायचा हेतू नाही. पण ईशान चार वर्षांचा आहे आणि रात्री बाहेर पडायची वेळ आली तर तुम्हालाही ह्याच साडेतीन फुटांतून त्याला कडेवर घेऊन उतरायचंय.

कुंड्यांचं आणखी एक. तळाशी ज्या बशा ठेवल्या आहेत त्यांत पाणी साचतं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत तिथून डास उडतो. पाणी नुसतं ओतून भागत नाही, अंडी बशीच्या कडेला चिकटून राहतात, बशी घासावी लागते. महापालिकेची माणसं पावसाळ्यात तपासायला येतात. अळ्या सापडल्या तर नोटीस इमारतीच्या मालकाच्या, म्हणजे माझ्या नावाने निघते.

गणपती २७ तारखेला आहेत. तुमचा इथला हा पहिलाच, म्हणून सांगतो. दादाकडचा गणपती तिसऱ्या मजल्यावर जातो, दोन फुटांची मूर्ती. पाटावर घेऊन पुतण्या वर चढतो तेव्हा त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. पुढे एक जण पायऱ्या मोजत उलटा चढतो, मागे सगळी पोरं टाळ घेऊन. त्या दिवशी जिन्यात अर्धी पेठ असते. ईशानला पुढे टाळ घेऊन उभं करायचं, हे दादाने केव्हाच ठरवून टाकलंय.

तर विनंती अशी, की येत्या रविवारी, १० ऑगस्टला संध्याकाळपर्यंत तुमचा जिना आणि वळण पूर्ण मोकळं करावं. शनिवारी राखीपौर्णिमा, तुमच्याकडे पाहुणे असणार, म्हणून रविवार धरला. आधी जमलं तर उत्तमच. फक्त मीटरजवळचे पुठ्ठे आज रात्रीच काढा, त्याला रविवारची वाट पाहू नका. रद्दीवाला बुधवारी येतो, तोवर माझ्या पडवीत ठेवले तरी चालतील.

सामान ठेवायचं कुठे, हा प्रश्न तुमच्या डोक्यात आलाच असेल. सायकलींसाठी मागच्या बोळात, पाण्याच्या टाकीच्या बाजूला पत्र्याखाली जागा आहे. तिथे माझी लूना उभी असायची. भिंतीत दोन कड्या बसवून देतो, म्हणजे साखळी लावता येईल. बोळाच्या दाराची एक किल्ली या पाकिटात ठेवली आहे. नीरजची सायकल महाग आहे आणि बाहेर ठेवायला जीव धजत नाही, हे मी समजू शकतो. तसं असेल तर ती घरात, गॅलरीच्या भिंतीवर टांगा. भिंतीला भोक पाडायला माझी परवानगी आहे, ड्रिल मशीनही माझ्याकडे आहे. गॅलरीची ती भिंत विटांची आहे, खिडकीच्या वरचा भाग मात्र सोडा, तिथून वायर जाते.

कुंड्या गच्चीवर न्या. पूर्वेच्या कठड्यालगत सकाळचं ऊन चांगलं येतं, जास्वंदीला जिन्यापेक्षा तिथे बरं वाटेल. जिन्यात ती एकही कळी धरत नाही हे तुमच्याही लक्षात आलं असेलच. तेवढं करा, की कुंड्या थेट फरशीवर नकोत, विटांवर ठेवा. दोन वर्षांपूर्वीच वॉटरप्रूफिंग केलंय आणि त्याचं बिल मला अजून पाठ आहे.

चपला दाराच्या आत. तुमच्या दाराशेजारी आत जी अरुंद भिंत आहे, तिला लागेल असं सात-आठ इंच खोलीचं, खाली झुकणाऱ्या दाराचं कपाट मिळतं. पहिल्या मजल्यावरच्यांनी घेतलंय, बघून या. दाराबाहेर एक पायपुसणं आणि पाहुणे आले तर त्यांच्या चपला तेवढा वेळ, याला कोणाची हरकत नाही. पण मुक्कामाला एकही जोड नको.

"बाकीच्यांचं काय?" असं तुम्ही विचारलंत तर तो प्रश्न रास्त आहे. तिसऱ्या मजल्यावर दुधाचा क्रेट असतो आणि समोरच्या ब्लॉकवाल्यांची बाबागाडी. दोघांशीही मी काल बोललोय. क्रेट आजपासून आत जाईल, बाबागाडी घडी करून. दादाची भाऊबंदकी म्हणून त्याला सूट नाही.

करारात नवव्या कलमात जिना मोकळा ठेवण्याचं लिहिलेलं आहे, पण ते दाखवून काम करून घ्यायचं असतं तर एवढी शाई कशाला वाया घालवली असती? कराराची मुदत ३० सप्टेंबरला संपते आणि माझी पुन्हा करायची इच्छा आहे. वेळेवर भाडं, शांत बिऱ्हाड, आणि माझ्या सौंना अमृताच्या हातचं थालीपीठ. या चिठ्ठीचा आणि त्याचा काही संबंध लावू नका.

शनिवारी सकाळी दहानंतर मी कड्या बसवायला बोळात असेन. नीरज, तुम्हीही खाली या, साखळीची लांबी बघून कडीची उंची ठरवू. कुंड्या वर न्यायला पुतण्याला सांगून ठेवलंय, जड त्या एकट्याने उचलू नका.

कळावे, लोभ असावा.

तुमचे,
शरदकाका
(तळमजला)

ता. क. तुळस जिन्यात आहे ती हलवायची का, असं अमृता माझ्या सौंना विचारत होती म्हणे. तीही हलवा. गच्चीवर आमचं जुनं वृंदावन रिकामंच आहे, तिथे लावलीत तर सौं रोज पाणी घालतील.