कोल्ड स्टोअर सुपरवायझरचं मूल्यांकन: बदललेला परिच्छेद

साहेब, नमस्कार.

तुमचा परिच्छेद वाचला. "काम अत्यंत निष्काळजी. नोंदी कधीच वेळेवर नाहीत. शेतकऱ्यांशी उद्धट. काही सांगितलं की तोंड पाडून बसतो. असंच चाललं तर अवघड आहे." यातला कामाचा एकही मुद्दा मी सोडलेला नाही. पण 'कधीच' नको. डिसेंबरपर्यंतचं रजिस्टर मी स्वतः चाळलं, ते चोख आहे. त्याने तेवढं पुढे केलं की बाकीचं सगळं बाजूला राहील. तोंड पाडण्याचं वाक्य गाळलंय; त्यावर सही कोण करणार? आता असं केलंय:

"चेंबरच्या तापमानावर तुमचं लक्ष चांगलं असतं. मे महिन्यात रात्री लाइट गेल्यावर तुम्ही घरून येऊन जनरेटर सुरू करून घेतलात, त्यामुळे माल वाचला. नोंदींचं काम मात्र या वर्षी कमी पडलं. डिसेंबरपर्यंत रजिस्टर नीट होतं. फेब्रुवारीपासून बेदाण्याची आवक वाढली तशा नोंदी दोन-तीन दिवस मागे राहू लागल्या. मार्चमध्ये १५ किलोच्या १२० बॉक्सचा एक लॉट रजिस्टरात एका चेंबरला आणि प्रत्यक्षात दुसऱ्यात निघाला. शोधाशोधीत तासगावच्या सौद्याला नमुना वेळेत गेला नाही आणि शेतकऱ्याला पुढच्या सौद्यापर्यंत थांबावं लागलं. स्टोअरच्या पावतीवर कर्ज उचललेल्या माणसाला हे परवडत नाही. विचारायला आल्यावर तुम्ही त्यांच्यावरच आवाज चढवलात. हंगामात अशा दोन तक्रारी आल्या. कामाचा ताण होता हे मान्य, पण चूक आपली असताना असं बोलणं चालणार नाही. यापुढे माल ज्या दिवशी आत जाईल त्याच दिवशी लॉट आणि चेंबरची नोंद झाली पाहिजे. या वर्षीची श्रेणी 'सुधारणा आवश्यक' आहे व पगारवाढ त्यानुसारच मिळेल. ३० जूनला पुन्हा आढावा घेऊ. तोवर फरक दिसला नाही, तर स्टोअरची जबाबदारी दुसऱ्याकडे द्यावी लागेल."

जनरेटरची गोष्ट तोंडदेखली घातलेली नाही. ती रात्रपाळीच्या वहीत आहे.

'अवघड आहे' म्हणजे नेमकं काय, ते शेवटच्या वाक्यात उघड लिहिलंय. तुमच्या मनात थेट नोकरीवरून कमी करायचं असेल तर तसं सांगा, वाक्य बदलतो. ते गोड भाषेत झाकून त्याला जूनमध्ये धक्का द्यायला नको.

आणि एक. हंगामात नोंदीला एक पोरगा द्या म्हणून तो दोनदा मागत होता, आपण दिला नाही. शुक्रवारी समोर बसला की हा विषय तो काढणारच. काय सांगायचं ते तेवढं ठरवून ठेवा.