कार्तिकला पाठवलेला मेसेज

कार्तिक, हे सगळं मी आधी वहीत लिहून काढलंय आणि आता बघून बोलायलेय. मध्येच पान उलटल्याचा आवाज आला तर हसू नकोस. तुला मराठी ऐकून कळतं, वाचता येत नाही. म्हणून मी बोलते, आणि प्रत्येक ऑडिओखाली एक ओळ तुझ्या अक्षरांत टाईप करून पाठवते. आधी मी म्हणणार, मग तू म्हणायचं. मोठ्याने. मनातल्या मनात म्हटलेलं कोइमतूरहून कोल्हापूरला ऐकू येत नाही.

पहिली ओळ एकदम सोपी.

```
Karthik, jevlaas kaay?
```

झालं? आता पुढचं ऐक.

तुझ्या अक्षरांत म्हणजे खरोखर तुझ्या. तू पहिल्यांदा मेसेजमध्ये माझं नाव `Swathi` लिहिलंस तेव्हा मला दोन दिवस राग होता. एवढ्या वेळा हाक मारतो आणि नाव नीट लिहिता येत नाही, स्वाथी काय स्वाथी! मग कारखान्यात तुझा गेटपास करताना बघितलं, तुझं स्वतःचं नावच `Karthik` आहे. गेटवरचे मामा पहिला महिनाभर तुला कार्थिक म्हणत होते आणि तू बिचारा ओ देत होतास. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो पडला तुझ्या आईमुळे. व्हिडिओ कॉलवर मी ऐटीत तुमचं "जेवलास काय", `saaptiya`, वाचून दाखवलं, "साप्तिया", आणि अम्मा तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. साप्टिया म्हणायचं होतं ना ते? तुमच्याकडे नुसता `t` म्हणजे ट आणि `th` म्हणजे त. आमच्याकडे `t` म्हणजे त आणि ट दोन्ही, ज्याचं त्याने ओळखायचं. दीड वर्ष मी तुला `tu` पाठवत होते आणि तू दीड वर्ष टू वाचत होतास. सांगायचंस तरी!

तर यापुढे मी तुझ्या हिशोबाने लिहिणार. `th` म्हणजे कार्तिकमधला त. `dh` आला तर तो द, नुसता `d` म्हणजे ड. मोठं `L` आणि मोठं `N` दिसलं की जीभ वळवून मागे न्यायची. ते तुला शिकवायला नको, ळ आणि ण तमिळमध्ये आहेतच. मुंबईची माझी आतेभावंडं जन्म मराठीत काढून ळ ला ल म्हणतात आणि तू आल्या आल्या चौथ्या दिवशी कँटीनमध्ये "केळं" म्हणालास. आमच्या आजीने ते ऐकलं असतं तर लग्नाची बोलणी तिथेच उरकली असती.

```
Thoo malaa aavad-thos.
```

आवडतोस. मधला `d` ड, पुढचा `th` त. सावकाश म्हण. हेच तुला मला म्हणायचं असेल तर शेवटी `thos` च्या जागी `thes` म्हणायचं, बाकी काही हलवायचं नाही. परवा तू मला "तू मला आवडतोस" म्हणालास ते डिस्पॅचमधल्या पोरांनी ऐकलं आणि ती अजून मला "काय रे स्वाती" म्हणून हाक मारायलेत.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे" मी लिहिणार नाही. तुला जमणार नाही म्हणून नव्हे. आमच्या घरात ते वाक्य टीव्हीशिवाय कुणी कधी उच्चारलेलं नाही. पप्पांनी आईला म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. पप्पा रात्री उशिरा आले की आईला आधी विचारतात, "तू जेवलीस काय?" आणि ती नाही म्हणाली की रागावतात. आमच्यात एवढंच असतं. तुमच्यात साप्टिया आहे, म्हणजे तुला समजेल.

इथे पाऊस आज सकाळपासून एक मिनिट थांबला नाही बघ. रंकाळ्यावर फिरायला जायचं नावच नको. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 37 फूट 4 इंच झालंय. 39 ला इशारा, 43 ला धोका, हे तुला मागच्या पावसाळ्यात पाठ करून घेतलंय. पप्पा तासातासाला पातळी बघतात आणि क्रिकेटचा स्कोअर सांगावा तशी घरभर सांगतात. मी पण बघते, पण माझं कारण वेगळं आहे. पाणी वाढत गेलं की शिरोलीजवळ हायवेवर येतं आणि मग बेंगळुरूकडच्या गाड्यांचं काही खरं नसतं. 2019 ला आम्ही सगळ्यांनी बघितलंय ते. तू त्या गाडीत असशील. म्हणजे असायला पाहिजेस.

```
Paa-oos padaay-laay.
Thujee aat-h-vaN yethey.
```

पाऊस पडायलाय. तुझी आठवण येतेय. हे कोल्हापूरचं "पडायलाय" हाय, पुण्याच्या माणसापुढे म्हणालास तर तो तुला दुरुस्त करेल, लक्ष देऊ नकोस.

आठवण मधला ठ मी तोडून लिहिलाय. तमिळमध्ये तो नाही, म्हणून सगळ्या मेसेजमध्ये मी असली अक्षरं शोधून शोधून टाळलीत, ख नाही, थ नाही, फ नाही. पण आठवणीला दुसरा शब्द कुठून आणू? तर असं कर. आधी ट म्हण, आणि कपातला चहा गरम असला की फुंकर घालतोस तशी बारीक फुंकर त्याला लगेच जोड. तळहात तोंडासमोर धर. हाताला वारं लागलं तर ठ झाला. नाही लागलं तर आटवण होतं, म्हणजे दूध आटवतात ते. तसंही चालेल म्हणा, इकडे मी आटतच चाललेय.

आणि तो जुना घोळ आज मिटवते. मी एकदा रात्री साडेअकराला धीर करून `tu mazha ahes` लिहिलं होतं. आमच्याकडे माझा असं लिहितात बरेचजण. तू उत्तर पाठवलंस, "इथे पण आहे, खूप जोरात." मी उशीत तोंड खुपसून रडले. दुसऱ्या दिवशी तू काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने कास्टिंगमधली ब्लोहोलं मोजत बसला होतास. आत्ता गेल्या महिन्यात कळलं की तुमच्यात `mazhai` म्हणजे पाऊस. मी म्हटलं तू माझा, तू वाचलंस तू पाऊस. आता तेच नीट लिहिते.

```
Thoo maazaa aahes.
```

`z` बघ. झेब्र्याचा. `h` जवळपास फिरकू पण देऊ नकोस. तू "माजा" म्हणशील, मला माहितीये, तुझा झेब्रा पण जेब्राच असतो. म्हण. माजा तर माजा.

संध्याकाळी सुटल्यावर पाय आपोआप गंगावेशीकडे वळतात आणि अर्ध्यातून मी परत फिरते. तू नसताना कट्ट्यावर उभी राहून दूध पिणं म्हणजे औषध घेतल्यासारखं वाटतं. पहिल्या वेळी आठवतंय? तुझ्यासमोर म्हैस पिळली, फेसाचा ग्लास हातात दिला आणि तू घाबरून विचारलंस, "उकळणार नाही?" म्हशीवाल्या काकांनी आजही विचारलं, "मद्रासी पाव्हणा कुठं हाय?" कोइमतूर म्हणून किती वेळा सांगितलं, त्यांच्या लेखी बेळगावच्या पुढे सगळं मद्रास.

```
Thujyaa-shivaay kattyaavar
jaav-vath naahee.
```

"जात नाही" आणि "जाववत नाही" यात फरक आहे. जात नाही म्हणजे ठरवून जात नाही. जाववत नाही म्हणजे जायला निघते आणि पायच उचलत नाहीत. तमिळमध्ये असं एका शब्दात बोलता येतं का, मला सांग. नसेल तर हा आमच्याकडून घे.

तू पाठवलेला तो लहानपणीचा फोटो मी मोठा करून बघितला. तंजावरच्या मोठ्या देवळात, अर्धी चड्डी, हातात फुगा. त्याच देवळाच्या भिंतीवर मराठीतला लेख आहे, माहितीये तुला? सरफोजी राजांनी 1803 साली भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. केवढा लांबलचक आहे. तू लहानपणी तिथे खेळून आलास आणि त्यातलं एक अक्षर तुला वाचता आलं नाही. आपण दोघं जाऊ तेव्हा मी वाचेन. मलाही सगळं कळेल असं नाही, जुनी मराठी आहे, पण तुझ्यासमोर अडखळणार नाही. ठोकून देईन.

आता मुद्द्याचं. तुझ्या अप्पांशी लग्नाचं बोललास का, हे मी विचारणार नव्हते. आई विचारते, आजी विचारते, म्हणून मी तरी नको म्हटलं. त्यांना वेळ लागत असेल तर लागू दे. आषाढ चालू आहे, तुमचा आडी महिना पण आलाच, तसंही या दिवसांत कुणी लग्नाचं पक्कं करणार नाही. घाई कुणालाच नाही. आजीला आहे, पण ती चौऱ्याऐंशीची आहे, तिला जेवणाची पण घाई असते.

```
VeL laag-laa tharee tsaalel.
PaN ye.
```

वेळ मधला ळ जिभेवर नीट घे. चालेल मधला च दातांजवळचा, म्हणून `ts` लिहिलंय. "चहा"चा च नीट लावतोस, तोच इथे लाव.

आणि ही एक.

```
Mee thujee vaat bagaay-ley.
```

शाळेत "बघ" शिकवतात, घ ला फुंकर घालून. पण इथे घरात कुणी घालत नाही, आम्ही बगच म्हणतो, म्हणजे या शब्दात तू पहिल्या दिवसापासून कोल्हापूरकर आहेस. वाट म्हणजे रस्ता. वाट बघणं म्हणजे कुणी येणार म्हणून त्या रस्त्याकडे बघत बसणं. मी खरंच बघते. आमच्या गच्चीवरून हायवेचे दिवे दिसतात, लांब, पावसात पिवळे पिवळे. त्यातला बेंगळुरूकडून येणारा कुठला आणि पुण्याकडून येणारा कुठला, एवढं मला आता कळतं.

सगळ्या ओळी एकदम म्हणून मला ऑडिओ पाठव. चुकल्या तरी चालतील, पुसून परत करू नकोस, पहिलाच पाठव. अम्मा शेजारी असल्या तर त्यांनाही ऐकू दे, हसल्या तर आमची फिट्टंफाट.

एक शब्द मी मुद्दाम लिहिलेला नाही. भेटू. त्यातला भ तुला फोनवर जमायचा नाही, हाताला वारं लागतंय की नाही ते मला इथून दिसणार नाही. तो समोर आलास की शिकवते. तळहात माझा धरू.

पप्पा ओरडायलेत, 37 फूट 7 इंच. ठेवते. तुझी ओळ खाली आहे, ही तू मला म्हणायची.

```
Swathi, mee yethoy. Thoo jev.
```