शिंदे साहेबांना जाणारं उत्तर: मसुद्यावरचे शेरे आणि सुधारित मजकूर

प्रणव,

यूपीआयने दिलेले पैसे खात्यातून वजा झाले, पण औषधाच्या दुकानदाराला मिळाले नाहीत, या शिंदे साहेबांच्या तक्रारीवरचा तुझा मसुदा वाचला. तो असा होता:

"प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तांत्रिक कारणामुळे आपला व्यवहार प्रलंबित आहे. रक्कम ३ ते ७ कामकाजाच्या दिवसांत आपोआप परत येईल. कृपया संयम ठेवावा."

यातली मुदत चुकीची आहे, म्हणून आधी तेच. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजायला सांगितलेत, रविवार-सुट्टी धरून. शिवाय यूपीआयला दोन वेगळ्या मुदती आहेत. एका खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसे तिथे जमा होऊ शकले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची त्याच्याकडे पोच आली नाही, तर व्यवहारानंतरच्या पाचव्या दिवसापर्यंत. मी नोंद उघडून पाहिली, शिंदेंचा व्यवहार मर्चंट प्रकारातला आहे. हे दर वेळी पाहत जा, कारण लहान दुकानांत कित्येकदा मालकाच्या बचत खात्याचाच क्यूआर चिकटवलेला असतो. मग दुकान असलं तरी मुदत एकाच दिवसाची.

दुसरी गोष्ट, पैसे परत येतीलच असं आज आपल्याला म्हणता येत नाही. आपल्याकडून रक्कम गेली, समोरच्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही, एवढंच आत्ता माहीत आहे. जुळणीनंतर ती दुकानाच्या खात्यात जमा झालेलीही निघू शकते. आणि शिंदेंनी तर औषधांचे पैसे पुन्हा रोख भरलेत! त्यांना दोन्ही शक्यता आजच कळल्या पाहिजेत.

"संयम ठेवावा" मी काढलं. बायको रुग्णालयात असताना काउंटरवर दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागलेल्या माणसाला आपण ते सांगायचं नाही. विलंबाच्या भरपाईचा उल्लेखच नव्हता, तोही घातला आहे. ग्राहकाने मागितली नाही तरी ती द्यावी लागते, मग आधीच सांगितलेली बरी.

हे उत्तर आज दुपारच्या आत पाठव:

विषय: १४ नोव्हेंबरचा ६,४०० रुपयांचा यूपीआय व्यवहार

श्री. शिंदे यांस,
नमस्कार.

काल, शुक्रवार १४ नोव्हेंबर २०२५ रोजी रात्री ८ वाजून ४२ मिनिटांनी तुमच्या बचत खात्यातून औषधाच्या दुकानाला यूपीआयने दिलेले ६,४०० रुपये वजा झाले, पण दुकानदाराला मिळाले नाहीत, ही तुमची तक्रार आम्ही नोंदवून घेतली आहे. तुम्ही कळवलेल्या संदर्भ क्रमांकावरून (शेवटचे चार अंक ७३१६) व्यवहार आम्हाला सापडला. रक्कम वजा झाल्याची नोंद आमच्याकडेही आहे. रुग्णालयात धावपळ सुरू असताना तुम्हाला तीच रक्कम पुन्हा रोख भरावी लागली, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

नेमके काय झाले ते सांगतो. तुम्ही पिन टाकल्यावर आमच्या बँकेने रक्कम वजा करून व्यवहार पुढे पाठवला. दुकानदाराच्या बँकेकडून "जमा झाले" किंवा "जमा झाले नाही" यांपैकी एक उत्तर लगेच यायला हवे होते. ते ठरलेल्या वेळेत आले नाही, म्हणून तुमच्या अ‍ॅपमध्ये व्यवहार "पेंडिंग" दिसतो आहे. आता दोन्ही बँकांच्या नोंदी जुळवून रक्कम कुठे आहे ते निश्चित केले जाईल. त्यातून पुढील दोनपैकी एक गोष्ट होईल.

रक्कम दुकानदाराच्या खात्यात जमा झालेली नसेल, तर ती ज्या खात्यातून वजा झाली त्याच खात्यात परत येईल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला केलेल्या अशा व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत परत यावी लागते. हे दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजले जातात, त्यामुळे उद्याचा रविवारही त्यात धरला आहे. तुमच्या बाबतीत ही मुदत बुधवार, १९ नोव्हेंबर रोजी संपते. रक्कम त्याआधीही येऊ शकते. ती येताच तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर संदेश येईल.

१९ तारखेपर्यंत रक्कम परत आली नाही, तर त्यापुढील विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी तुम्हाला १०० रुपये भरपाई मिळेल. समजा रक्कम २२ तारखेला परत आली, तर तीन दिवसांचे ३०० रुपये वेगळे जमा होतील. यासाठी तुम्हाला अर्ज किंवा नवी तक्रार करावी लागणार नाही.

रक्कम दुकानदाराच्या खात्यात जमा झाली आहे असे आढळले, तर ती आमच्याकडून परत येणार नाही. तुम्ही रोख पैसे दिलेले असल्यामुळे ती दुकानदाराकडून परत घ्यावी लागेल. तसे झाल्यास जमा झाल्याची तारीख आणि संदर्भ क्रमांक आम्ही तुम्हाला लेखी कळवू, तो दुकानात दाखवता येईल. तोवर रोखीच्या बिलाची पावती जपून ठेवा, आणि शक्य असल्यास दुकानदाराला त्याचे खाते एकदा तपासायला सांगा. काउंटरवरच्या यंत्राने आवाज दिला नाही, तरी रक्कम नंतर जमा झालेली असू शकते.

एक काळजी मात्र अवश्य घ्या. पैसे परत मिळण्यासाठी तुम्हाला यूपीआय पिन टाकावा लागत नाही, कोणताही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही की नवे अ‍ॅप घ्यावे लागत नाही. "रिफंड देतो" असे सांगून कोणी पिन, ओटीपी किंवा मोबाइलची स्क्रीन दाखवायला सांगितले, तर फोन बंद करा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या हेल्पलाइनवरही फोन करू नका. आमचा क्रमांक तुमच्या पासबुकावर छापलेला आहे. चुकून अशी माहिती दिली गेलीच, तर लगेच आम्हाला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

१९ नोव्हेंबरला संध्याकाळी मी स्वतः तुम्हाला फोन करून स्थिती सांगेन. त्याआधी काही विचारायचे असल्यास या ईमेललाच उत्तर द्या, सगळी माहिती पुन्हा लिहायची गरज नाही. आमच्याकडून ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेले उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर तुम्ही cms.rbi.org.in या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करू शकता. त्यासाठी शुल्क नाही.

तुमच्या पत्नीच्या प्रकृतीला लवकर आराम पडो.

आपला,
प्रणव
ग्राहक सेवा विभाग

एवढंच पाठव, खाली आपली नेहमीची जाहिरातीची ओळ जोडू नकोस. दुकानदाराच्या बँकेकडे चौकशी आजच टाक आणि तिचा क्रमांक तक्रारीच्या नोंदीत लिही. १९ तारखेचा फोन तुझ्याकडे आहे. त्याआधी पैसे आले, तरी तो करायचाच, कारण आपण तसं लिहून दिलं आहे.

माधुरी