अलकापुरीच्या सीए ऑफिसला पहिला फोन (मंदारसाठी)

फोन 5-6 तारखेला सकाळी अकरानंतर कर. 20 तारखेच्या तोंडावर नको, तेव्हा तिथे जीएसटीआर-3बीची घाई असते.

रिसेप्शनवर गुजरातीतच बोल: "नमस्ते बेन, ऑफिसमां चा-नास्तानुं कोण जुए छे? बे मिनिट वात थशे?"

अ‍ॅडमिनच्या मॅडम मराठी आहेत.

"नमस्कार मॅडम, मी मंदार, दांडिया बाजारातून बोलतोय. माझी मावशी घरी नाश्ता करते, तो आम्ही ऑफिसांना पोचवतो. आत्ता दोन मिनिटं बोलू का?"

नाही म्हणाल्या तर कधी करू विचार आणि ठेव. हो म्हणाल्या तर:

"रिटर्नच्या दिवसांत तुमच्याकडे उशिरापर्यंत बसावं लागत असेल ना? तेव्हा संध्याकाळच्या खाण्याचं काय करता?"

आता गप्प बस. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, दर सांगायची घाई करू नकोस. खाली कोण जातं, पैसे कोण गोळा करतं, खाणं गार होतं का, हे त्यांच्याच तोंडून येऊ दे. त्या जी अडचण सांगतील तिथूनच पुढे बोल.

"तेवढ्या दिवसांचं आमच्यावर सोडा. दुपारी बारापर्यंत आकडा कळवा, साडेपाचला नाश्ता टेबलावर असेल. सेव-उसळ 60 रुपये प्लेट. रस्सा, तर्री, सेव, कांदा सगळं वेगवेगळं बांधलेलं, पाव कागदात. त्यामुळे सेव मऊ पडत नाही आणि तिखट ज्याचं त्याला घेता येतं. कमीत कमी दहा प्लेट. बिल महिन्याचं एकच."

"आमचा चहावाला आहे" म्हणाल्या तर: "त्याला अजिबात बदलू नका मॅडम. चहा त्याचाच राहू दे, आम्ही फक्त उशिराच्या दिवसांचं खाणं बघू." हे मनापासून म्हण. त्याच्या पोटावर पाय देऊन आपल्याला गिऱ्हाईक नको.

"पावसात गरनाळं बंद झालं तर?" हे विचारतीलच. "पाऊस असला की आम्ही अर्धा तास आधी निघतो आणि जेतलपूर पुलावरून येतो. तरी उशीर होणार असेल तर पाचच्या आत मी स्वतः फोन करेन."

दर कमी करा म्हणाल्या तर कबूल करू नकोस: "मावशीला विचारून आजच कळवतो."

वर्षाचं काही बोलू नकोस, एवढंच माग:

"उद्या चार वाजता चार प्लेट चवीला घेऊन येऊ का? पैसे नकोत. सगळ्यांना आवडलं तर या महिन्यात 18, 19, 20 असे तीनच दिवस करून बघू."

हो म्हणाल्या की मजला, लिफ्ट आणि गाडी कुठे लावायची ते विचारून घे. "थँक्यू मॅडम, उद्या चारला येतो."

जाताना दरपत्रक ने, त्यावर आपला एफएसएसएआय नंबर आहे. चार प्लेटींतली एक रिसेप्शनच्या बेनला दे.