माझ्या पॉलिसी: हप्ता आणि सद्यस्थिती

आज बुधवार, ११ मार्च २०२६. आपल्या खात्यात २ पॉलिसी आहेत. त्यांपैकी एक सवलतीच्या कालावधीत आहे, तर दुसरी बंद पडलेली आहे.

मुदत विमा, पॉलिसी क्रमांकाचे शेवटचे अंक ४४१७
स्थिती: सवलतीचा कालावधी सुरू आहे. ९ दिवस शिल्लक.

विमा रक्कम: ₹१,००,००,०००
अपघाती मृत्यू रायडर: ₹२५,००,०००
वार्षिक हप्ता: ₹१६,४००
हप्त्याची देय तारीख: १८ फेब्रुवारी २०२६
भरण्याची अखेरची तारीख: २० मार्च २०२६, रात्री ११.५९ पर्यंत

[ ₹१६,४०० आता भरा ]

१८ फेब्रुवारी रोजी आपल्या बँक खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याचा प्रयत्न झाला होता, परंतु खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने बँकेने तो परत केला. हा हप्ता खात्यातून पुन्हा आपोआप वळता होणार नाही. तो आपल्याला वरील बटण दाबून स्वतः भरावा लागेल.

वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्यांसाठी ३० दिवसांचा, तर मासिक हप्त्यांसाठी १५ दिवसांचा सवलतीचा कालावधी मिळतो. या काळात आपले विमा संरक्षण पूर्ण चालू असते आणि या पॉलिसीवर विलंबाचे व्याजही लागत नाही. २० मार्चपर्यंत विमाधारकाचा मृत्यू झाल्यास दावा मान्य होताना विमा रकमेतून केवळ न भरलेला हप्ता वजा केला जातो आणि उरलेली संपूर्ण रक्कम नामनिर्देशित व्यक्तीला, म्हणजे आपल्या पत्नीला, मिळते. २१ मार्च उजाडल्यानंतर मात्र हे खरे राहणार नाही.

गेल्या वर्षी आपण याच हप्त्यासाठी ₹१९,३५२ भरले होते, कारण त्यात १८ टक्के जीएसटी समाविष्ट होता. वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला असल्याने या वर्षीची रक्कम कमी दिसते. ती चुकीची नाही.

गुरुवार, १९ मार्च रोजी गुढीपाडवा आहे. आपण धनादेशाने पैसे भरणार असाल, तर सुट्टीमुळे तो वटण्यास लागणारा वेळ धरून तो १६ मार्चपूर्वी शाखेत द्यावा. यूपीआय, नेट बँकिंग किंवा डेबिट कार्डाने भरलेली रक्कम सुट्टीच्या दिवशीही त्याच तारखेस जमा धरली जाते.

हप्ता २० मार्चपर्यंत भरला नाही, तर काय गमवाल?

२१ मार्च २०२६ पासून पॉलिसी बंद पडेल आणि ₹१ कोटीचे संरक्षण, तसेच ₹२५ लाखांचा अपघाती मृत्यू रायडर, दोन्ही त्याच क्षणी संपतील. त्यानंतर मृत्यू झाल्यास आपल्या कुटुंबाला काहीही मिळणार नाही. हा शुद्ध मुदत विमा असल्यामुळे त्याला समर्पण मूल्य नसते. २०१९ पासून आपण भरलेल्या ७ वार्षिक हप्त्यांतील एक रुपयाही परत येत नाही, कारण त्या हप्त्यांच्या बदल्यात त्या त्या वर्षी आपल्याला संरक्षण मिळून गेलेले असते.

आणखी एक नुकसान सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ नुसार पॉलिसी सुरू होऊन ३ वर्षे झाल्यानंतर कोणत्याही कारणावरून तिच्या वैधतेवर प्रश्न उपस्थित करता येत नाही, आणि आपल्या पॉलिसीला हे कवच फेब्रुवारी २०२२ मध्येच मिळालेले आहे. पॉलिसी बंद पडून नंतर पुन्हा चालू केली, तर ही ३ वर्षे पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. आत्महत्येने मृत्यू झाल्यास विमा रक्कम न मिळण्याचे १२ महिन्यांचे बंधनही त्याच तारखेपासून पुन्हा लागू होते.

पॉलिसी पुन्हा चालू करण्यासाठी पहिल्या न भरलेल्या हप्त्याच्या तारखेपासून ५ वर्षे, म्हणजे १८ फेब्रुवारी २०३१ पर्यंतची मुदत राहील. मात्र तो आपला हक्क नसून कंपनीच्या मंजुरीवर अवलंबून असलेली सोय आहे. थकलेले हप्ते व्याजासह भरावे लागतील, आरोग्याचे घोषणापत्र द्यावे लागेल, गरज भासल्यास वैद्यकीय तपासणी होईल, आणि मधल्या काळात मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आढळला असल्यास कंपनी वाढीव हप्ता मागू शकते किंवा अर्ज नाकारूही शकते. त्याऐवजी नवी पॉलिसी घ्यायची ठरवल्यास हप्ता आपल्या ३४ व्या वर्षाच्या नव्हे, तर आजच्या ४१ व्या वर्षाच्या दराने आकारला जाईल.

[ ₹१६,४०० आता भरा ]   [ २ दिवसांनी आठवण करा ]

बचत विमा, पॉलिसी क्रमांकाचे शेवटचे अंक ९०५२
स्थिती: बंद पडलेली पॉलिसी. ५ नोव्हेंबर २०२५ पासून संरक्षण नाही.

विमा रक्कम: ₹५,००,००० (सध्या लागू नाही)
तिमाही हप्ता: ₹९,१५०
भरलेले हप्ते: एप्रिल आणि जुलै २०२५
थकलेले हप्ते: ५ ऑक्टोबर २०२५ आणि ५ जानेवारी २०२६

ऑक्टोबरच्या हप्त्याचा सवलतीचा कालावधी ४ नोव्हेंबर २०२५ रोजी संपला. आज या पॉलिसीखाली कोणताही दावा देय नाही. पहिल्या वर्षाचे संपूर्ण हप्ते भरले गेले नसल्याने तिला समर्पण मूल्य प्राप्त झालेले नाही, आणि पुढचे हप्ते न भरता कमी विमा रकमेवर चालू राहणारी चुकती पॉलिसी म्हणूनही ती टिकू शकत नाही. आपण भरलेले ₹१८,३०० सध्या परत मिळू शकत नाहीत. ते वाचवण्याचा मार्ग पॉलिसी पुन्हा चालू करणे हाच आहे.

आज पुनरुज्जीवन केल्यास भरावयाची रक्कम अशी आहे:

थकलेले २ हप्ते: ₹१८,३००
वार्षिक ९ टक्के दराने व्याज: ₹५०१
एकूण: ₹१८,८०१

५ एप्रिल रोजी पुढचा हप्ता देय होईल आणि त्यानंतर ही रक्कम वाढेल. पुनरुज्जीवनाची शेवटची तारीख ५ ऑक्टोबर २०३० असली, तरी तोपर्यंत थांबण्यात फायदा नाही, कारण जितका काळ जाईल तितके व्याज वाढते आणि आरोग्याविषयीचे प्रश्नही वाढतात. केवळ रक्कम भरल्याने संरक्षण सुरू होत नाही. आपले घोषणापत्र तपासून कंपनीने मंजुरी कळवल्याच्या तारखेपासून ते सुरू होते, आणि अर्ज नामंजूर झाल्यास भरलेली रक्कम आपल्या बँक खात्यात परत केली जाते.

आपण जुन्या करप्रणालीत कलम ८०सी खाली या हप्त्यांची वजावट घेणार असाल किंवा घेतली असेल, तर हे ध्यानात ठेवावे की २ वर्षांचे हप्ते भरण्यापूर्वी पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली नाही, तर पूर्वी घेतलेली वजावट आपल्या करपात्र उत्पन्नात पुन्हा जोडली जाते.

[ पुनरुज्जीवनाचा अर्ज सुरू करा ]

पैसे भरताना

बंद पॉलिसी चालू करून देतो, बोनस अडकला आहे तो सोडवतो, असे सांगणारा फोन आल्यास कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवू नयेत आणि ओटीपी सांगू नये. विमा प्रतिनिधीकडे रोख रक्कम दिली असेल, तर कंपनीची पावती मिळेपर्यंत हप्ता भरला गेला असे समजू नये.

आपण हप्ता भरला असूनही येथे स्थिती बदललेली दिसत नसेल, तर व्यवहार क्रमांकासह खालील बटणावरून तक्रार नोंदवावी. आमच्या उत्तराने समाधान न झाल्यास आपण विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या बीमा भरोसा केंद्राशी १५५२५५ या क्रमांकावर संपर्क साधू शकता, आणि त्यानंतर विमा लोकपालाकडेही जाऊ शकता.

[ भरलेला हप्ता दिसत नाही ]   [ पावत्या पाहा ]   [ बँक खाते बदला ]