नवमीचा चंद्र

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी चिमू, म्हणजे माझी आतेबहीण, पुण्याहून मिरजेला आली आणि आल्याआल्या माझी चौकटीची वही तिने ढापली. शाळेचा प्रोजेक्ट होता, महिनाभर चंद्राचे आकार काढायचे. आजीची काचेची बांगडी ठेवून गोल मारायचा, काळा भाग पेन्सिलने भरायचा, बाजूला तिथी आणि वेळ. गोल मी काढणार आणि भरणार ती, असं ठरलं.

बीजेची कोर गच्चीवरून टाकीच्या मागे दिसली, आडवी, होडीसारखी, आणि जरा टक लावलं तर उरलेला गोलही राखाडी दिसायचा. चिमू म्हणाली तो पृथ्वीवरून गेलेला उजेड आहे, मला तेव्हा पटलं नव्हतं. अष्टमीला दिवे लागायच्या वेळी अर्धा चंद्र अगदी डोक्यावर, मान मोडायची. बुद्धपौर्णिमेला तर काही भरायचंच नव्हतं, नुसता गोल, मग आम्ही कुल्फी खाल्ली.

खरी मजा वद्य पक्षात बिघडली. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा यायला लागला आणि चिमूला साडेनऊलाच झोप यायची. संकष्टीला आजी उपाशी होती म्हणून दहापर्यंत जागलो, नंतर वळवाचे ढग, दोन दिवस पान कोरं. एके सकाळी बघतो तर वहीत नवमी भरलेली! "रात्री ८ वाजता", उजवी बाजू पांढरी.

मी काही बोललो नाही, आजीनेच वही उचलली. भाकरी थापता थापता म्हणाली, "नवमीचा चंद्र आठाला? अगं मध्यरात्र उलटल्याशिवाय तो घराबाहेरसुद्धा पडत नाही. आणि उजेड भलत्याच बाजूला केलायस."

चिमूचे कान लाल. म्हणाली, "आज्जी, कोरं पान बघून मॅडम ओरडतील ना."

"मग 'ढग होते' असं लिही की. ढग काय कमी होते?"

खोडरबराने ते खोडलं तर कागदच फाटला, मागच्या अष्टमीला भोक पडलं. चिमू त्यावरून दिवसभर माझ्यावरच डाफरत होती, का ते तिलाच माहीत.

त्रयोदशीला पावणेपाचचा अलार्म लावला. वाजला तेव्हा मीच उठलो नाही, तिने पाय धरून ओढलं. गच्चीवर गार, कुत्री भुंकत होती, आणि पूर्वेला बारीकशी कोर, नखाच्या कडेएवढी. यावेळी उजेड सूर्य उगवणार त्या बाजूला. बांगडी खालीच राहिली होती म्हणून मी गोल हातानेच काढला, वाकडा आला, बटाट्यासारखा.

चिमूने तो तसाच भरला आणि खाली लिहिलं: "वद्य त्रयोदशी, पहाटे ४.५२. आकाश स्वच्छ. गोल दादाने काढलाय."